मदत हवी आहे: मॅट्रिक्सचा गुणाकार क्रमनिरपेक्ष का नसतो?

शेवंती: मुलीला बारावीचे गणित शिकवताना मी एका ठिकाणी अडले आहे. खालील गुणाकार दोनदा तपासला आहे, त्यामुळे आकडेमोडीत चूक नाही.

```
R = [0 -1]    F = [1  0]
    [1  0]        [0 -1]

RF = [0 1]    FR = [ 0 -1]
     [1 0]         [-1  0]
```

उत्तरे वेगळी येतात हे दिसते, परंतु "नियमच तसा आहे" एवढ्याने तिचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही. यामागचे कारण कोणी सांगेल का?

कोनमापक: आकडे क्षणभर बाजूला ठेवा आणि या मॅट्रिक्स बिंदूंचे काय करतात ते पाहा. R बिंदूला आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९०° फिरवते, तर F त्याचे X अक्षात प्रतिबिंब घेते. RF म्हणजे आधी F आणि मग R, कारण बिंदू उजवीकडे लिहिला जातो आणि त्याला लागून असलेली मॅट्रिक्स आधी काम करते. आता (२, १) हा बिंदू घ्या. आधी प्रतिबिंब घेतले तर (२, −१) मिळतो आणि तो फिरवल्यावर (१, २) येतो. आधी फिरवले तर (−१, २) मिळतो आणि त्याचे प्रतिबिंब (−१, −२) असते. RF हे y = x या रेषेतील परावर्तन आहे आणि FR हे y = −x मधील; म्हणजे या दोन सर्वस्वी वेगळ्या क्रिया आहेत. ओळीला स्तंभाने गुणण्याचा नियम विचित्र वाटतो खरा, पण एकामागून एक केलेल्या दोन क्रिया एकाच मॅट्रिक्सने सांगता याव्यात म्हणूनच तो तसा आहे. आर्थर केली यांनी १८५८ च्या निबंधात गुणाकार याच अर्थाने घेतला होता.

नदीकाठ: थोडक्यात, दोन भ्रमणांचा क्रम बदलता येतो, पण भ्रमण आणि परावर्तन यांचा कधीच बदलता येत नाही.

कोनमापक: पहिला भाग प्रतलात बरोबर आहे, परंतु "कधीच" हा शब्द मात्र चालणार नाही. १८०° चे भ्रमण प्रत्येक बिंदूची दोन्ही चिन्हे बदलते, त्यामुळे ते F च्या आधी केले काय किंवा नंतर केले काय, उत्तर तेच येते.

रात्रपाळी: मी हेच पायथनमध्ये नमपायच्या अ‍ॅरे घेऊन तपासले, तर `R * F` आणि `F * R` सारखेच आले. मग नेमके चूक कोण?

कोनमापक: तिथे `*` हे चिन्ह एकाच जागेवरचे घटक एकमेकांना गुणते, आणि तो गुणाकार क्रमनिरपेक्षच असतो. `R @ F` करून पाहा.

शेवंती: (२, १) कागदावर काढून दाखवल्यावर मुलीला लगेच पटले. आता तिने स्वतःच शोधले आहे की R शी क्रम बदलू देणाऱ्या सर्व मॅट्रिक्स खालील रूपाच्याच असतात, तर F साठी फक्त कर्णावरचे घटक उरतात आणि बाकीचे दोन शून्य होतात.

```
[a -b]
[b  a]
```

या दोन्ही उत्तरांमागे एकच नियम आहे का, हा तिचा पुढचा प्रश्न आहे आणि तो मला सुटलेला नाही.