"ते तिरकं चिन्ह काय आहे?" – सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

कुलकर्णी (खजिनदार): सभेसाठी मसुदा टाकतोय. वाचून घ्या.
बिनभोगवटा शुल्क ≤ सेवाशुल्काच्या १०%
सिंकिंग फंड ≤ बांधकाम खर्चाच्या ०.२५% (वार्षिक)

सावंत काकू (ए-२०४): अहो, टक्क्याच्या आधी ते तिरकं काय आहे? बाण आहे का? आमचा फ्लॅट भाड्याने दिलाय, म्हणून पहिली ओळ नीट कळायला हवी.

देशपांडे बाई (सी-१०१): बाण नाही हो काकू. आधी साधं चिन्ह बघा: ५ < ८. मिटलेलं टोक लहान संख्येकडे, उघडी बाजू मोठ्या संख्येकडे. वाचायचं मात्र नेहमी डावीकडून, "५ हा ८ पेक्षा लहान". तेच उलट मांडलं तर ८ > ५, "८ हा ५ पेक्षा मोठा". गोष्ट एकच.

सावंत काकू: आणि खाली रेघ आहे ती?

देशपांडे बाई: ती रेघ म्हणजे "बरोबर"च्या चिन्हातली एक रेघ समजा. ≤ म्हणजे "लहान किंवा बरोबर". आपण बोलताना "जास्तीत जास्त" म्हणतो ते हेच. समजा सेवाशुल्क महिना २४०० रुपये. त्याचे १०% म्हणजे २४०. कमिटीने २०० लावले, चालतील. २५० चालणार नाहीत. बरोबर २४० लावले तर? तेही चालतात, २४० ≤ २४० हे खरं आहे.

अमेय (बी-३०३): बाई, पण २४० हा २४० पेक्षा लहान कुठे आहे?

देशपांडे बाई: नाहीच. पण "लहान किंवा बरोबर" यातलं एक खरं असलं की पुरे. रेघ नसती, नुसतं < असतं, तर २४० बाद झाले असते. भांडणं होतात ती या सीमेवरच्या आकड्यावरूनच. बारा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा असेल तर वय < १२, म्हणजे बारा पूर्ण झालेला मुलगा बाहेर. ≤ लिहिलं की तो आत.

आणि कुलकर्णी, तुमची दुसरी ओळ चुकली आहे.

कुलकर्णी: कशी काय? उपविधीत "कमीत कमी ०.२५%" आहे. कमी, म्हणून ते चिन्ह टाकलं.

देशपांडे बाई: सगळे इथेच फसतात. "कमीत कमी"मधला "कमी" ऐकून हात < कडे जातो. शब्द सोडा, आकडे घालून बघा. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर ०.२५% म्हणजे वर्षाला ३००० रुपये. २९०० घेतले तर चालतील? नाही. ३०००? हो. ३५००? सभेने ठरवलं तर हो. म्हणजे चालणारे आकडे ३००० आणि त्याच्या वरचे. चिन्ह ≥ हवं. एक खालचा, एक नेमका, एक वरचा, असे तीन आकडे घातले की चिन्ह आपोआप ठरतं.

कुलकर्णी: मान्य. सिंकिंग फंड ≥ ०.२५%. बदलतो.

अमेय: हे फोनवर टाइप कसं करायचं? मला सापडत नाहीये.
┃ १८ वय असेल तर मतदान, असं लिहिलं तर चिन्हच गायब झालं 😅

रुची (बी-३०३): दादा, व्हॉट्सॲपवर ओळीच्या सुरुवातीला > आणि मग स्पेस दिली की तो ती ओळ अवतरण धरतो. आधी शब्द टाक: "वय > १८". पण हे सुद्धा चूक, अठरा पूर्ण झालेल्यालाही मत आहे. वय ≥ १८. जीबोर्डवर चिन्हांच्या पानावर > दाबून धर, ≥ वर येतं. = दाबून धरलंस की ≠ मिळतं.

सावंत काकू: आता हे कापलेलं काय?

रुची: "बरोबर नाही". गाडीवरचा स्टिकर नंबर ≠ रजिस्टरमधला नंबर, एवढंच. कोण मोठं, कोण लहान, ते यातून कळत नाही.

कुलकर्णी: एक्सेलमध्ये मी =< टाकलं तर एरर येते.

रुची: काका, तिथे आधी < मग =. आणि ≠ साठी <> लिहायचं. बी मध्ये सेवाशुल्क, सी मध्ये लावलेलं शुल्क असेल तर:

```
=IF(C2<=B2*10%,"ठीक","जास्त")
```

सावंत काकू: थांबा. माझ्या बिलात सेवाशुल्क २४००, मालमत्ता कर ६००, बिनभोगवटा ३००. बाईंच्या हिशेबाने ३०० ≤ २४० हे खोटं झालं ना?

देशपांडे बाई: खोटंच.

कुलकर्णी: काकू, कर धरून ३००० वर १०% लागलेत. कर वगळून नुसत्या सेवाशुल्कावर लावायला हवे होते. ६० रुपये पुढच्या बिलात वजा करतो.

सावंत काकू: आणि मागच्या महिन्यांचे?

कुलकर्णी: सगळी बिलं काढून बघतो 🙏