मदत हवी आहे: हातमागाच्या सुती साडीचे ऑनलाइन वर्णन कसे लिहावे?

विणकाम_वाटा

नमस्कार. आम्ही काही विणकर कुटुंबांकडून हातमागाच्या सुती साड्या घेतो आणि एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. मागणी बरी आहे, परंतु परत येणाऱ्या साड्यांचे प्रमाण काळजी वाटावी इतके आहे. परतीच्या कारणांत ग्राहक जवळजवळ नेहमी तीनच गोष्टी लिहितात: रंग फोटोसारखा नाही, विणीत दोष आहे, किंवा कापड फार पातळ आहे. साड्या विणकरांनी मन लावून विणलेल्या असतात आणि आम्ही प्रत्येक साडी उलगडून तपासूनच पाठवतो, त्यामुळे अडचण मालात नसून वर्णनात आहे असे मला वाटते.

उदाहरणादाखल एकच साडी घेते. तिच्या अंगाचा ताणा गडद निळा आणि बाणा तांबडा आहे. दोन्हींचे सूत ८० नंबरचे आहे. काठावर जरीची एक बारीक रेघ आहे. साडीची लांबी ५.५ मीटर, त्यालाच जोडून ८० सेंटिमीटर ब्लाऊजपीस, पन्हा ११७ सेंटिमीटर आणि एकूण वजन साधारण ३५० ग्रॅम. सध्याचे वर्णन असे आहे:

"शंभर टक्के शुद्ध सुती, हस्तनिर्मित, मऊ आणि आरामदायी निळी साडी. प्रत्येक प्रसंगाला शोभून दिसेल. विणीतील किरकोळ असमानता हे हातमागाचे सौंदर्य आहे. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात धुवावी."

ज्या ग्राहकाला साडी हातात घेऊन पाहता येत नाही, त्याला ती नेमकी कशी आहे हे कळावे आणि जिला अशी साडी नको आहे तिने ती मागवूच नये, असे वर्णन लिहिण्यासाठी कृपया मार्गदर्शन करावे.

शोधसूत्र

ताई, तुमचे वर्णन ठीक आहे, खरी अडचण शोधाची असते. ग्राहक वर्णन वाचतच नाहीत. शीर्षकात आणि शोधशब्दांत पैठणी, इरकल, महेश्वरी अशी नावे घाला म्हणजे साडी जास्त लोकांना दिसेल. मोबाइलवर शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून महत्त्वाचे शब्द सुरुवातीला यायला हवेत.

ताणाबाणा

शीर्षकाच्या सुरुवातीच्या शब्दांबद्दल वर जे म्हटले आहे ते बरोबर आहे, पण नावांचा सल्ला कृपया मानू नका. ही तिन्ही नावे भौगोलिक मानांकन म्हणजेच जीआय म्हणून नोंदलेली आहेत, आणि तुमची साडी त्या त्या ठिकाणची, त्या त्या पद्धतीने विणलेली नसेल तर ती नावे वापरणे कायद्याला धरून नाही. शिवाय पैठणी शोधणाऱ्या बाईंना तुमची साडी दिसली आणि त्यांनी ती घेतली, तर ती परत येणार हे ठरलेलेच आहे. म्हणजे तुमची मूळ अडचण वाढेल.

आता वर्णनाकडे येतो. त्यातील चार शब्द परतीला कारण होत आहेत, असे मला वाटते.

पहिला शब्द "निळी". निळा ताणा आणि तांबडा बाणा असेल तर कापड धूपछाव होते. समोरून पाहिले तर जांभळट दिसते, निऱ्यांच्या घडीत निळे चमकते आणि चुण्या पडल्या की तांबडी झाक वर येते. फोटो एका कोनातून काढलेला असतो, त्यामुळे फोटो खरा असूनही ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. यावर उपाय म्हणजे दोन्ही सुतांचे रंग वेगवेगळे सांगायचे, एकत्र कसे दिसते ते सांगायचे, आणि सपाट कापडाचा एक व निऱ्या घातलेल्या कापडाचा एक असे दोन फोटो दिवसाच्या उजेडात काढून लावायचे.

दुसरा शब्द "मऊ". नव्या हातमागाच्या साडीला खळ असते. ती हातात कडक लागते, घडी ताठ राहते, नेसल्यावर निऱ्या फुगतात. दोन-तीन धुण्यांनंतर खळ निघाली की तीच साडी मऊ आणि अंगाला बिलगणारी होते. "मऊ" वाचून मागवणाऱ्यांच्या हाती पहिल्या दिवशी उलटाच अनुभव येतो. तुम्ही "सुरुवातीला खळीमुळे ताठ, धुतल्यावर मऊ" असे लिहिले तर ज्यांना ताठ साडी आवडते अशा बायकाही आनंदाने घेतील.

तिसरा शब्द "शंभर टक्के". काठावर जरीची रेघ असेल तर हे विधान खरे नाही, मग ती रेघ कितीही बारीक असो. "अंग सुती, काठावर जरीची रेघ" असे लिहा, आणि त्या रेघेची जर तांब्याची आहे की प्लास्टिकच्या तारेवर मुलामा दिलेली आहे हे विणकरांना विचारून तेही लिहा.

चौथा शब्द "असमानता". हा सगळ्यांत नाजूक आहे, कारण त्याच्या आड खरे दोषही लपतात. सुताचा जाड-बारीकपणा, बाण्यातली हलकी दाट-विरळ पट्टी, धागा तुटल्यावर मारलेली छोटी गाठ, हे हाताने विणल्यामुळे येणारच. पण सुटून लोंबणारा धागा, मधेच बाणा चुकल्यामुळे राहिलेली फट, तेलाचा डाग किंवा भोक हे दोषच आहेत, आणि ते हातमागाच्या नावावर खपवू नयेत. पहिल्या प्रकारच्या खुणांचा जवळून काढलेला एक फोटो द्या आणि दुसऱ्या प्रकारची साडी आम्ही परत घेऊ असे सरळ लिहा. असे लिहिल्याने परती वाढतील अशी भीती वाटते, पण दोष म्हणजे काय हे ग्राहकाला आधीच कळले की गाठ पाहून कोणी साडी परत पाठवत नाही.

छापाघर

माझा प्रश्न याच विषयाशी जोडलेला आहे, म्हणून इथेच विचारते. मी तयार सुती कापडाच्या साड्यांवर लाकडी ठशांनी हाताने छपाई करून घेते. कापड गिरणीतले असते, छपाई मात्र पूर्णपणे हाताची असते. मग मी "हस्तनिर्मित साडी" असे लिहिले तर चुकीचे आहे का? बाजारपेठेच्या यादीत तर हातमाग आणि हस्तनिर्मित हे दोन्ही एकाच रकान्यात आहेत.

ताणाबाणा

रकाना काहीही असो, वर्णनात काम कुठल्या टप्प्यावर हाताने झाले ते लिहा: "गिरणीत विणलेल्या सुती कापडावर लाकडी ठशांनी हातछपाई". तुमच्या मेहनतीचे मोल त्यात कमी होत नाही. "हातमाग" हा शब्द मात्र विणण्याबद्दलच आहे, तो तुम्ही वापरू नये. मूळ धागाकर्तीनेही नुसते "हस्तनिर्मित" न लिहिता "हातमागावर विणलेली" असेच लिहावे. साडीवर हँडलूम मार्कचे लेबल असेल तर त्याचाही फोटो लावता येईल. ही योजना भारत सरकारने २००६ मध्ये सुरू केली, आणि नोंदणी केलेल्यांनाच ते लेबल मिळते.

काठापदर

हातमाग ओळखण्याची एक सोपी खूण वर्णनात द्यावी असे मी सुचवेन. काठाच्या अगदी कडेला सुईच्या टोकाएवढी भोके ठरावीक अंतराने दिसतात. विणताना कापड पन्ह्यात ताणून धरणारी जी पट्टी लावतात, तिच्या टाचण्यांमुळे ती पडतात. ही भोके दिसली की साडी हातमागाचीच, दुसरी कसलीच शंका नको.

ताणाबाणा

खूण खरी आहे, निष्कर्ष मात्र पूर्ण खरा नाही. यंत्रमागावरही कापड ताणून धरण्यासाठी काटेरी रुळ असतात आणि त्यांच्याही खुणा कडेला उमटू शकतात. म्हणून ती भोके दोष नाहीत एवढेच वर्णनात सांगावे. पुरावा म्हणून ती मांडू नयेत. सांगणे मात्र आवश्यक आहे, कारण "कडेला भोके आहेत" हे परतीचे कारण होऊ शकते.

मिठाबद्दल लिहायचे राहिले. सूत रंगवताना रंग धाग्यात शिरावा म्हणून मिठाचा उपयोग होतो. विणून झालेल्या साडीचा सुटणारा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही. एक साडी स्वतः धुऊन पाहा, पाणी किती रंगते ते बघा, ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासा, आणि धुण्याआधी व वाळल्यावर लांबी मोजा. सुती कापड आटतेच. तीन टक्के आटले तरी साडेपाच मीटरला सोळा-सतरा सेंटिमीटर जातात, आणि निऱ्यांत ते जाणवते.

विणकाम_वाटा

आपले मनापासून आभार. विणकरांना विचारले, काठावरची जर मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या तारेची आहे. एक साडी धुऊन पाहिली. पहिल्या पाण्यात तांबडा रंग थोडा उतरला, दुसऱ्या पाण्यात जवळजवळ नाही. त्यावरून नवे वर्णन असे केले आहे:

"हातमागावर विणलेली सुती साडी, धूपछाव निळी-तांबडी, काठावर जरीची रेघ. ताणा गडद निळा, बाणा तांबडा. समोरून जांभळट दिसते, निऱ्यांमध्ये दोन्ही रंग खेळतात. अंगाचे सूत ताण्यात आणि बाण्यात ८० नंबरचेच. काठावरची जर प्लास्टिकच्या तारेवर मुलामा दिलेली आहे. लांबी ५.५ मीटर, जोडून ८० सेंटिमीटर ब्लाऊजपीस, पन्हा ११७ सेंटिमीटर, वजन सुमारे ३५० ग्रॅम. कापड तलम आहे. एकपदरी उजेडासमोर धरल्यास मागचा हात अस्पष्ट दिसतो, म्हणून गडद रंगाचा परकर वापरावा. नवी साडी खळीमुळे ताठ असते, दोन-तीन धुण्यांनंतर मऊ होते. सुतातील जाड-बारीकपणा, छोट्या गाठी आणि काठाच्या कडेची बारीक भोके विणताना येतात. सुटलेला धागा, फट, डाग किंवा भोक आढळल्यास साडी परत घेऊ. पहिल्या दोन वेळा थंड पाण्यात वेगळी धुवावी, सावलीत वाळवावी."

पातळपणाबद्दलचे वाक्य वाचून काही जणी मागे फिरतील, हे मला मान्य आहे.

ताणाबाणा

उत्तम झाले आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. काठाच्या कडेची भोके चालतील आणि "भोक आढळल्यास परत घेऊ", ही दोन वाक्ये लागून आल्यामुळे वाचणारा गोंधळेल. दुसऱ्या ठिकाणी "अंगावर किंवा पदरावर भोक" असे करा. तसेच विक्रीच्या पानावर उत्पादकाचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत हे तपशील कायद्याने द्यावे लागतात. ते वर्णनात न मिसळता त्यांच्या रकान्यांतच भरा.

विणकाम_वाटा

दुरुस्ती केली. एक गोष्ट अजून अडली आहे. बाजारपेठेत रंगाचा एकच पर्याय निवडावा लागतो, आणि त्यानुसारच गाळणी चालते. निळा निवडावा की जांभळा?

काठापदर

निळा निवडा. निळी साडी शोधणाऱ्या बायका जास्त असतात, आणि ताणा निळाच आहे.

ताणाबाणा

मी जांभळा निवडेन, कारण पाकीट उघडल्यावर पहिल्या नजरेला तोच दिसतो. पण निळ्यातून येणाऱ्या बायकांनी वर्णन वाचले तर त्या टिकतीलही. तुमच्याकडे अशाच दोन साड्या असतील तर एक निळ्यात आणि एक जांभळ्यात टाकून पाहा, आणि परतीची कारणे इथे लिहा.