मदत हवी आहे: सांकेतिक भाषेचा नियम दोन उदाहरणांना लागू पडतो, तिसऱ्याला पडत नाही

पहाटवारा (धागाकर्ता)

नमस्कार. मी पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करत आहे आणि बुद्धिमत्ता चाचणीतील एका प्रश्नावर कालपासून अडलो आहे. प्रश्न एका सराव प्रश्नपत्रिकेतील असून तो जसाच्या तसा देत आहे.

```
NATURE = MBSVQF
RIVER  = QJUFQ
PLANT  = OKBMS
FLOWER = ?

1) EMNXDS   2) EKPVFQ
3) GMPXFS   4) EKNVDQ
```

पहिल्या उदाहरणात N चा M झाला आहे, म्हणजे अक्षर एक घर मागे गेले. A चा B झाला, म्हणजे एक घर पुढे. T पुन्हा मागे, U पुन्हा पुढे. त्यावरून मी असा नियम धरला की पहिले, तिसरे, पाचवे अक्षर एक मागे जाते आणि दुसरे, चौथे, सहावे एक पुढे जाते. RIVER ला हा नियम लावून पाहिला, तर QJUFQ हेच तंतोतंत आले. दोन उदाहरणे जुळली म्हणून मी FLOWER ला तोच नियम लावला आणि EMNXDS, म्हणजे पर्याय 1, निवडला. उत्तरतालिकेत मात्र पर्याय 2 दिला आहे.

नंतर PLANT तपासले, तेव्हा माझ्या नियमाने OMZOS येते असे दिसले. पाच अक्षरी शब्दांसाठी वेगळा नियम असावा, की तिसरे उदाहरण चुकीचे छापले गेले आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गणितवेल्हाळ

छपाईची चूक नाही. पाच अक्षरी शब्दांना वेगळा नियम असण्याची शक्यता तुमच्याच दुसऱ्या उदाहरणाने निकालात निघते, कारण RIVER हा शब्दही पाच अक्षरीच आहे आणि तिथे तुमचा नियम बरोबर चालला होता.

कच्च्या कामाच्या कागदावर प्रत्येक अक्षराखाली नुसता फरक लिहा. उत्तर शोधण्याची घाई करू नका. आधी तिन्ही शब्दांचे फरक एकाखाली एक येऊ द्या.

```
N  A  T  U  R  E
-1 +1 -1 +1 -1 +1

R  I  V  E  R
-1 +1 -1 +1 -1

P  L  A  N  T
-1 -1 +1 -1 -1
```

आता RIVER आणि PLANT यांच्या दुसऱ्या अक्षरांकडे पाहा. शब्दांची लांबी सारखी आहे, जागाही सारखी आहे, तरी I पुढे गेला आहे आणि L मागे गेला आहे. म्हणजेच अक्षर कोणत्या जागेवर बसले आहे यावर त्याचे पुढे-मागे जाणे ठरत नाही. मग ते अक्षर स्वतः कोणते आहे यावर ठरत असले पाहिजे. पुढे गेलेली अक्षरे वेगळी काढली, तर A, U, E, I एवढीच मिळतात आणि मागे गेलेली N, T, R, V, P, L ही आहेत. स्वर एक पुढे आणि व्यंजन एक मागे, हा तो नियम. FLOWER मध्ये F, L, W, R मागे जातात, O आणि E पुढे जातात, म्हणून EKPVFQ.

तुमची चूक नेमकी कुठे झाली, हेही सांगतो, कारण ती फार जणांची होते. NATURE आणि RIVER या दोन्ही शब्दांत व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर अशीच रांग आहे. त्यामुळे जागेचा नियम लावा किंवा स्वराचा लावा, या दोन शब्दांत दोन्ही नियम एकच उत्तर देणार. उदाहरणे दोन दिसत असली तरी साक्ष एकाचीच होती. PLANT मध्ये सुरुवातीलाच दोन व्यंजने लागोपाठ आली आणि तिथे रांग मोडली. प्रश्न तयार करणारे असा शब्द मुद्दाम ठेवतात, त्यामुळे ज्याची ठेवण बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते, तो शब्द सर्वांत आधी तपासावा.

झटपट_रामटेक

सरांची पद्धत बरोबर आहे, पण परीक्षेत इतका वेळ कोणाकडे असतो? मी गेली दोन वर्षे प्रत्येक उदाहरणाचे फक्त पहिले आणि शेवटचे अक्षर तपासतो आणि पर्यायांतही तेवढेच पाहतो. बहुतेक वेळा तीन पर्याय तिथेच गळून पडतात आणि मधली अक्षरे पाहण्याची गरजच उरत नाही.

गणितवेल्हाळ

@झटपट_रामटेक, पर्याय गाळण्यासाठी टोकाची अक्षरे उपयोगी पडतात, हे मान्य आहे. नियम ठरवण्यासाठी मात्र ती पुरत नाहीत आणि हाच प्रश्न त्याचे उदाहरण आहे. PLANT मध्ये P चा O आणि T चा S झाला आहे. ही दोन्ही टोके धागाकर्त्याच्या चुकीच्या नियमातही अगदी अशीच येतात. OKBMS आणि OMZOS शेजारी शेजारी ठेवून पाहा. सगळा फरक मधल्या तीन अक्षरांत आहे आणि तुमच्या पद्धतीत नेमकी तीच अक्षरे पाहायची राहतात.

पर्यायांतही तेच होते. योग्य नियम सापडल्यावर सुरुवातीच्या E मुळे पर्याय 3 जातो आणि शेवटच्या Q मुळे पर्याय 1 जातो, परंतु 2 आणि 4 या दोघांची सुरुवात E ने आणि शेवट Q ने होतो. त्यांतला निवडायला O चे काय झाले, हे पाहावेच लागते.

शेवंती

मलाही अशाच एका प्रश्नाने अडवले आहे, म्हणून याच धाग्यात विचारते.

```
COLD  = DQOH
MIND  = NKQH
HOUSE = ?
```

COLD मध्ये L चा O झालेला पाहून मला आधी विरुद्ध अक्षरांचा नियम वाटला, कारण L बारावे आणि O पंधरावे, दोघांची बेरीज 27 येते. पण त्या नियमाने C चा X व्हायला हवा होता, तो D झाला आहे, म्हणून तो विचार सोडून दिला. मग फरक लिहिले तेव्हा दोन्ही शब्दांत एक, दोन, तीन, चार घरे पुढे असा क्रम मिळाला. माझी अडचण पाचव्या अक्षराची आहे. HOUSE मधील E पाच घरे पुढे जाऊन J होईल, की चार झाल्यावर क्रम पुन्हा एकपासून सुरू होऊन F होईल? पर्यायांत IQXWJ आणि IQXWF ही दोन्ही उत्तरे आहेत.

झटपट_रामटेक

शेवंतीताई, तुमच्या प्रश्नातही व्यंजने आणि स्वर वेगळे काढून पाहा. वर सरांनी सांगितलेला नियम तोच आहे.

शेवंती

दादा, माझ्या प्रश्नात सगळीच अक्षरे पुढे गेली आहेत. COLD मध्ये O दोन घरे पुढे गेला आहे आणि L, D ही व्यंजनेही पुढेच गेली आहेत, त्यामुळे तो नियम इथे लागत नाही.

उंबरठा

मी काही वर्षांपूर्वी हीच परीक्षा देऊन सेवेत लागलो आहे. धागाकर्त्याच्या प्रश्नात मला एक गोष्ट खटकली, म्हणून ती मांडतो.

प्रत्येक अक्षराचा वर्णमालेतील क्रमांक लिहून पाहिला. EJOTY पाठ असेल तर हे काम लवकर होते: E पाच, J दहा, O पंधरा, T वीस, Y पंचवीस, आणि बाकीची अक्षरे त्यांच्या आगेमागे मोजायची. मागे गेलेल्या व्यंजनांचे क्रमांक असे आले: N 14, T 20, R 18, V 22, P 16, L 12. सगळे सम आहेत. पुढे गेलेल्या स्वरांचे क्रमांक 1, 5, 9, 21, म्हणजे सगळे विषम आहेत. मुळात पाचही स्वर विषम क्रमांकांवरच येतात, O सुद्धा पंधरावा आहे.

याचा अर्थ असा की "विषम क्रमांकाचे अक्षर एक पुढे आणि सम क्रमांकाचे एक मागे" हा नियमही दिलेल्या तिन्ही उदाहरणांना एकाही अक्षराचा अपवाद न होता लागू पडतो. फरक पडतो तो FLOWER मधील W वर. W तेविसावा आहे. स्वर-व्यंजनाच्या नियमाने तो V होतो आणि या दुसऱ्या नियमाने X होतो, म्हणजे उत्तर EKPXFQ येते.

गणितवेल्हाळ

@उंबरठा, हे माझ्या नजरेतून सुटले होते. मी तिन्ही उदाहरणे तपासली आणि नियम जुळला म्हणून थांबलो. दुसरा एखादा नियमही जुळतो का, हे पाहिले नाही. तुमची मोजणी मी पुन्हा करून पाहिली आणि ती बरोबर आहे.

EKPXFQ पर्यायांत नाही, म्हणून पर्याय 2 हे उत्तर कायम राहते. मात्र ते उदाहरणांमुळे नव्हे, तर पर्यायांमुळे निश्चित होते, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. प्रश्न निर्दोष करायचा असता, तर विषम क्रमांकाचे एखादे व्यंजन असलेला शब्द द्यायला हवा होता. MANGO चालला असता: M तेरावा आणि G सातवा. स्वर-व्यंजनाच्या नियमाने LBMFP येते, सम-विषमच्या नियमाने NBMHP येते, आणि संकेत पाहताच निकाल लागला असता.

शेवंतीताई, तुमच्या प्रश्नात मी IQXWJ निवडेन. एक, दोन, तीन, चार यानंतर पाच येणे हा सर्वांत सरळ क्रम आहे. पुन्हा एकपासून सुरुवात होते, असे कोणत्याही उदाहरणात दाखवलेले नाही.

उंबरठा

सर, येथे मी थोडा असहमत आहे. पाच घरे पुढे जाते, असेही कोणत्याही उदाहरणात दाखवलेले नाही. दोन्ही शब्द चार अक्षरी आहेत, त्यामुळे पाचव्या जागेबद्दल ती दोन्ही गप्प आहेत. धागाकर्त्याच्या प्रश्नात पर्यायांनी सोडवणूक केली. इथे दोन्ही उत्तरे पर्यायांत आहेत, म्हणजे तीही वाट बंद आहे. परीक्षेत मीही IQXWJ च लिहिले असते, पण असा प्रश्न खऱ्या परीक्षेत आला आणि उत्तरतालिकेत दुसरे उत्तर निघाले, तर मी हरकत नोंदवली असती.

शेवंती

माझ्याकडच्या पुस्तिकेत या प्रश्नाचे उत्तर दिलेले पान फाटलेले आहे. मैत्रिणीकडे तीच पुस्तिका आहे. तिच्याकडून पाहून येथे लिहीन.

पहाटवारा (धागाकर्ता)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल सोडवलेल्या संचातील असे बारा प्रश्न मी आज फरक लिहून पुन्हा तपासले. त्यांपैकी दोन प्रश्नांत मी पहिले उदाहरण जुळताच पुढे गेलो होतो आणि दोन्हींची उत्तरे चुकली होती. एकात शेवटच्या उदाहरणात Z चा B झाला होता, म्हणजे वर्णमाला संपल्यावर पुन्हा A पासून मोजायचे होते, आणि ते उदाहरण मी वाचलेच नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचा नियम मला अजूनही सापडलेला नाही. तो उद्या वेगळ्या धाग्यात सर्व उदाहरणांसह मांडतो.