मदत हवी आहे: गूळ आणि घाण्याच्या तेलाची कॅप्शन नियमात कशी बसवावी?

गुऱ्हाळकरी: करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आणि लाकडी घाणा आहे. इन्स्टाग्रामसाठी हे लिहिलंय: “१००% शुद्ध, केमिकलफ्री कोल्हापुरी गूळ, मधुमेहींनाही चालतो. हृदयाला हितकर शेंगदाणा तेल, फक्त ३९० रुपये.” रस उकळताना मळी काढायला भेंडीचा चीक आणि थोडा चुना घालतो, गूळ उजळ करणारी गंधकयुक्त हायड्रॉस पावडर नाही. शेंगदाणे उन्हात वाळवून घाण्यात टाकतो. काय बदलू?

पाटील_सांगली: पॅक १ किलो, अर्धा किलो असेच ठेवा. ९०० ग्रॅम वगैरे चालत नाही.

लेबलवाली: पाटील, तेलासारख्या काही वस्तूंना ठरावीक मापं होती, ती अट २०२२ मध्ये गेली. आता कोणतंही माप चालतं, पण पॅकवर एकक दर छापावा लागतो: माप १ किलो किंवा १ लिटरपेक्षा कमी असेल तर प्रति ग्रॅम किंवा मिलिलिटर, जास्त असेल तर प्रति किलो किंवा लिटर.

दादा, तुमच्या कॅप्शनमध्ये मोठी चूक तेलाच्या किमतीची आहे. पॅकबंद मालाच्या जाहिरातीत किंमत लिहिली की निव्वळ माप लिहिणं वजनमाप कायद्याने सक्तीचं आहे. तेलाला लिटरसोबत वजनही लिहा. १ लिटर शेंगदाणा तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, पण आधी तुमच्या काट्यावर भरून बघा.

“केमिकलफ्री” काढा. चुना घातला की ते खोटं ठरतं. “१००%” वापरू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयने २०२५ मध्ये सांगितलंय. मधुमेहाचा दावा तर मुळीच नको. गूळ शेवटी साखरच आहे. “हृदयाला हितकर”सुद्धा गाळा, तेलाच्या लेबलवर तसले शब्द स्पष्टपणे वर्ज्य आहेत.

“कोल्हापुरी गूळ” या नावाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तरच ते लिहा, नाहीतर “करवीर तालुक्यातील गुऱ्हाळाचा गूळ” पुरे.

काकवीप्रेमी: माझी काकवी बाटलीत फसफसते, झाकण उडतं. त्याचं काय करू?

लेबलवाली: ती कमी आटवली गेली असावी, किंवा बाटली ओली होती. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

गुऱ्हाळकरी: “हायड्रॉस नाही” हे तरी लिहू का? गिऱ्हाईक तेच विचारतं. आणि कधीकधी दाणे भाजूनही गाळतो, ते “कोल्ड प्रेस्ड” म्हणू का?

लेबलवाली: भाजलेल्या दाण्याचं तेल “कोल्ड प्रेस्ड” नाही, त्याला वेगळं लेबल लावा. उन्हात वाळवलेलं चालेल. कॅप्शन अशी करा:

“करवीर तालुक्यातील गुऱ्हाळाचा गूळ. उसाचा रस काहिलीत आटवून, भेंडीचा चीक आणि चुन्याने मळी काढून. १ किलो, ... रुपये. शेंगदाणा तेल: उन्हात वाळवलेले दाणे लाकडी घाण्यात, उष्णता न देता. निवळून, कापडातून गाळलेलं. १ लिटर, ९१० ग्रॅम, ३९० रुपये.”

हायड्रॉसचं लिहायचं तर गंधकाच्या तपासणीचा अहवाल हाताशी ठेवा. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे.

पाटील_सांगली: अहवाल गुळाच्या एका बॅचचा असतो. वर्षभराच्या मालासाठी तो दाखवता येतो का?

लेबलवाली: त्यावर माझं ठाम मत नाही. मी तरी प्रत्येक हंगामात एकदा तपासून घेईन आणि अहवालावरचा बॅच क्रमांक पॅकशी जुळवीन.