व्हीआरएसच्या पैशावर टॅक्स: ५ लाख सूट की रिलीफ?

>> व्हीआरएसचे २४ लाख मिळाले, त्यातले ५ लाख टॅक्स फ्री, मग उरलेल्या १९ लाखांवर कलम ८९ चा रिलीफ घेता येईल ना?

नाही हो, दोन्ही एकत्र मिळत नाही. १०(१०सी) ची ५ लाखांची सूट घेतली की त्या व्हीआरएसवर ८९ बंद. आणि ही सूट आयुष्यात एकदाच, पैसे हप्त्याहप्त्याने आले तरी सगळे मिळून ५ लाखच.

माझे मेहुणे वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून बाहेर पडले तेव्हा आम्ही दोन्ही बाजू मांडून बघितल्या. जुनी रिजीम, व्हीआरएस सोडून टॅक्सेबल उत्पन्न १० लाख, मागची तीन वर्षंही तेवढंच, भरपाई २४ लाख. सूट घेतली तर ५ लाखांचे ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे १ लाख ५६ हजार वाचतात. रिलीफमध्ये भरपाईचा तिसरा हिस्सा मागच्या तिन्ही वर्षांत धरून सरासरी दर काढायचा, तो २४.५ वरून १९.६ टक्क्यांवर आला, २४ लाखांवर सेस धरून वाचले १ लाख २२ हजार. म्हणून सूटच घेतली. पण रक्कम ४०-४५ लाख असेल तर उलटं होऊ शकतं, तेव्हा आकडे घालूनच ठरवा. रिलीफला नोकरीची किमान ३ वर्षं झालेली आणि ३ वर्षं शिल्लक असावी लागतात, आणि फॉर्म 10E रिटर्नच्या आधी पोर्टलवर भरायचा, नाहीतर रिलीफ उडवून डिमांडची नोटीस येते.

ग्रॅच्युइटी या ५ लाखांत धरू नका हं, तिची सूट वेगळी.