मदत हवी आहे: जिंकलेल्या टीमचा वर्म हरलेल्या टीमच्या खाली संपतोय

ऐरोलीची खिडकी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या टेनिस बॉल स्पर्धेची फायनल गेल्या रविवारी झाली, दहा ओव्हरची. ए विंगने ८४ केले, बी विंगने ९.४ ओव्हरमध्ये ८५ करून मॅच काढली. बक्षीस समारंभाच्या फ्लेक्सवर कमिटीला टीव्हीवर दाखवतात तसा आलेख हवाय: प्रत्येक ओव्हरला दोन्ही टीमचे बार शेजारी-शेजारी आणि त्यावरून दोघांचे वर्म, म्हणजे चढत जाणाऱ्या एकूण स्कोअरच्या रेघा. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर "तुम्हाला एक्सेल येतं".

बार नीट आले. पण बी विंगचा वर्म ७८ वर थांबतो, आणि अख्ख्या मॅचमध्ये एकदाही ए विंगच्या वर जात नाही. आठव्या आणि नवव्या ओव्हरला दोघे बरोबरीत दिसतात, शेवटी बी विंग खालीच. हा फ्लेक्स लागला तर बी विंगवाले मला लिफ्टमध्ये घेणार नाहीत.

आकडे स्कोअरबुकातले आहेत. पहिल्या डावात लिहिणाऱ्याने दर ओव्हरनंतर एकूण स्कोअर लिहिला होता, मी वजाबाकी करत गेलो. दुसऱ्या डावाला बसलेल्या मुलाने तो लिहिलाच नाही, म्हणून बॉलिंगच्या चौकटींमधून दर ओव्हरचे रन उचलले.

```
A: 6 9 4 11 7 3 12 8 10 14
B: 4 7 4 12 9 2 11 11 10 8
```

कळव्याचा ओपनर

एक्स्ट्रा राहिलेत हो. स्कोअरकार्डवर खाली अवांतर धावा असतील, त्या मिळवा, काम झालं.

ऐरोलीची खिडकी

मिळवून बघितल्या. अवांतर १२ आहेत. ७८ अधिक १२ म्हणजे ९०. आता पाच जास्त! आणि त्या कुठल्या ओव्हरमध्ये टाकायच्या तेही कळत नाही.

घणसोली काका

ओपनरभाऊंची दिशा बरोबर आहे, टप्पा चुकला. सगळी अवांतरं सारखी नसतात. वाइड आणि नो बॉल बॉलरच्या नावावर चढतात, म्हणजे ते तुमच्या ७८ मध्ये आधीच आहेत. बाय आणि लेगबाय बॉलरच्या नावावर जात नाहीत, टीमला मात्र मिळतात. तुमच्या १२ ची फोड बघा. वाइड आणि नो बॉल मिळून ५ निघाले पाहिजेत, बाय-लेगबाय मिळून ७. तसं असेल तर ७८ अधिक ७ बरोबर ८५.

पंचवीस वर्षं मैदानावर स्कोअर लिहिलाय, ही चूक दर मोसमात एकदा तरी बघतो. बॉलिंगची चौकट बॉलरचा हिशेब सांगते, टीमचा नाही. टेनिस बॉलमध्ये तर कीपर उभा असतो पुढे आणि बॉल उडतो डोक्यावरून, तेव्हा बायचा पाऊसच पडतो.

आता त्या कुठे टाकायच्या ते. बी विंगच्या डावातली प्रत्येक चौकट बारकाईने बघा. त्रिकोण काढून आत आकडा लिहिला असेल तर ती बाय, उलटा त्रिकोण असेल तर लेगबाय. काही जण नुसतं बी किंवा एलबी लिहितात. ज्या ओव्हरमध्ये खूण आहे, त्याच ओव्हरच्या बारमध्ये ते रन मिळवायचे. सगळे शेवटी एकदम टाकलेत तर वर्म ८५ वर पोचेल, पण मधला रस्ता खोटाच राहील.

ऐरोलीची खिडकी

काका, साष्टांग. वाइड ४, नो बॉल १, बाय ६, लेगबाय १. पेन्सिलीने काढलेले त्रिकोण होते, मला ती मुलाची रेघोटी वाटली होती. तिसऱ्या ओव्हरमध्ये उलटा त्रिकोण, १. सहाव्यात ४ बाय. आठव्यात २ बाय.

```
B: 4 7 5 12 9 6 11 13 10 8
```

आता वर्म असा आहे: पाचव्या ओव्हरअखेर दोघांचे ३७-३७, सहाव्याला बी ४३ आणि ए ४०, तिथून बी विंग कधीच खाली आली नाही. नवव्याला ७७ विरुद्ध ७०. म्हणजे रेघा जिथे एकमेकींना ओलांडतात, नेमकी तीच ओव्हर मी गमावून बसलो होतो.

गंमत म्हणजे त्या सहाव्या ओव्हरचा बॉलर सगळ्यांना सांगत फिरतोय, "मी फक्त दोन दिले."

घणसोली काका

तो खरंच बोलतोय. त्याने दोनच दिले, टीमने सहा दिले. तुमचा बार टीमचा आहे, म्हणून तो सहाचाच हवा.

माजिवडा एक्सप्रेस

माझाही असाच लोचा. आमची वीस ओव्हरची मॅच १७.२ ला संपली, तर वर्म पुढे विसाव्या ओव्हरपर्यंत आडवा सरळ जातो. यातही बायच कारण का?

घणसोली काका

नाही, तुमचं दुखणं वेगळं. रिकाम्या ओव्हर शून्य धरून बेरीज पुढे ओढली जातेय. सी रकान्यात ओव्हरचे रन असतील तर बेरजेच्या रकान्यात दुसऱ्या ओळीत हे लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(C2="",NA(),SUM(C$2:C2))
```

सेलमध्ये #N/A दिसेल, घाबरू नका. रेघ मॅच संपली तिथेच थांबेल. फक्त खेळलेली ओव्हर मेडन असेल तर तिथे 0 टाकायला विसरू नका, नाहीतर त्या ओव्हरचा ठिपकाच गळेल.

नेरूळचा टॉवर सी

९.४ वरून आठवलं. २०२५ च्या महिला विश्वचषकाची फायनल आमच्या इथे डी. वाय. पाटीलला झाली. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका ४५.३ ओव्हरमध्ये २४६ वर ऑल आउट. मी हौसेने वर्म काढला आणि आफ्रिकेची रेघ ४५.३ वर थांबवली. ऑफिसातल्या पोराने हटकलं, तीन बॉल म्हणजे अर्धी ओव्हर, रेघ ४५.५ वर हवी. त्या हिशेबाने तुमचे ९.४ म्हणजे जवळपास ९.६७ ना?

घणसोली काका

बरोबर हटकलं त्याने. आडवा अक्ष आकड्यांचा असेल तर बदलून घ्या:

```
=INT(B2)+(B2-INT(B2))*10/6
```

पण खिडकीवाल्यांनी साधा बार-रेघ आलेख घेतलाय. त्यात रेघेचा ठिपका बारच्या मधोमध बसतो, ९.६७ ला जागाच नसते. स्कॅटर जोडून करता येतं, पण दोन बॉलच्या फरकासाठी रात्र जाईल. दोन्ही वर्म सारखेच सरकलेले असतात, तुलना बिघडत नाही. दहाव्या बारवर छोट्या अक्षरात "४ बॉल" लिहा, नाहीतर ८ चा बार १४ च्या बारशेजारी उगाच केविलवाणा दिसतो.

कळव्याचा ओपनर

आणि वर्मला उजवा अक्ष द्या, नाहीतर ८५ च्या रेघेखाली बार चिरडतील.

ऐरोलीची खिडकी

तो दिलाय, दोन्ही वर्म एकाच उजव्या अक्षावर आहेत. फ्लेक्स जवळजवळ तयार. पण आता नवीनच भानगड. बी विंगचा बॅट्समन म्हणतो सहाव्या ओव्हरमधले ते चार बाय नव्हतेच, त्याच्या बॅटची कट लागली होती. त्याला त्याचे चार हवेत. अंपायर म्हणतो आठवत नाही.

घणसोली काका

तुमच्या आलेखाला काही फरक नाही. बाय असो वा कट, बार सहाचाच आणि वर्म ४३ लाच. बदलेल ते बॉलरचं, त्याच्या ओव्हरचे दोनाचे सहा होतील. पुस्तक आतून जुळतंय, बॅटिंगचे ७३ आणि अवांतर १२. पण अंपायरने हात वर केला होता की नाही, हे पुस्तकात कुठून सापडणार?

ऐरोलीची खिडकी

बॉलरला अजून सांगितलेलं नाही. त्याला सर्वोत्कृष्ट बॉलरचं बक्षीस जाहीर झालंय.