द्राक्षाच्या हिशेबाला FILTER लावावा की नेहमीचा फिल्टरच बरा?

निफाडची लेखनिक: पॅकहाऊसला द्राक्षाची आवक मी एक्सेलमध्ये लिहिते. अडीच हजारांच्या आसपास ओळी झाल्यात. मालकांना वेगळ्या पानावर गाव निवडलं की त्या गावातले पैसे द्यायचे राहिलेले शेतकरी तेवढेच दिसायला हवेत, आणि कधी कधी फक्त थॉमसन किंवा सोनाका. FILTER वापरू का? आमचे जुने हिशेबनीस म्हणतात, नको त्या भानगडीत पडू नकोस.

जुना हिशेबनीस, पंचवटी: तुमचे हिशेबनीस बरोबर सांगतायत. वरच्या पट्टीवर बाण आहे, त्यावर टिचकी मारा, गाव निवडा, झालं. मालकांना ते जमत नसेल तर सूत्र बिघडल्यावर काय जमणार आहे?

गंगापूर रोड: काका, बाण दाबायचा म्हणजे मूळ यादीलाच हात लावायचा. मालकांनी फिल्टर लावून तसाच ठेवला की दुसऱ्या दिवशी ताई म्हणणार, माझ्या अर्ध्या ओळी गेल्या. FILTER मूळ यादीला धक्का लावत नाही, तेच वापरा. दोन अटी असल्या की AND मध्ये टाका, सोपं आहे.

सातपूर स्टोअर: पहिलं बरोबर, AND चं चुकलं. AND पूर्ण रकान्याचं मिळून एकच हो किंवा नाही देतं, आणि FILTER ला दर ओळीमागे एक उत्तर लागतं. त्यामुळे `#VALUE!` येतो. दोन्ही अटी हव्या असतील तर गुणाकार करायचा, दोन्हींपैकी एक चालत असेल तर बेरीज.

ताई, आधी आवकेच्या यादीत उभं राहून Ctrl+T दाबा आणि टेबलाला `Avak` नाव द्या. म्हणजे उद्या खाली ओळ वाढली तरी सूत्र आपोआप ती धरेल. वेगळ्या पानावर B1 मध्ये गाव, B2 मध्ये वाण, आणि A5 मध्ये हे:

```
=FILTER(Avak,
 ((B1="")+(Avak[Gaon]=B1))*
 ((B2="")+(Avak[Vaan]=B2))*
 (Avak[Baki]>0),
 "बाकी नाही")
```

`B1=""` तिथे मुद्दाम आहे. गावाची चौकट रिकामी ठेवली की सगळी गावं येतात, वाणाचंही तेच. बेरजेभोवतीचा कंस मात्र सोडू नका. गुणाकार आधी होतो, त्यामुळे कंस गेला की सूत्र चूक दाखवणार नाही, नुसती भलतीच यादी देईल. शेवटचं "बाकी नाही" ठेवलं नाही तर एकही ओळ न जुळल्यावर `#CALC!` दिसेल आणि मालकांचा फोन येईल.

लासलगाव कांदा: माझ्याकडे गूगल शीट आहे, तिथे गुणाकाराची गरज नाही. अटी स्वल्पविराम देऊन एकापुढे एक लिहा, चालतं. मी रोजचा लिलाव असाच बघतो, लाल कांदा वेगळा, उन्हाळ वेगळा. ताई, तुम्ही पण तसंच करा.

सातपूर स्टोअर: तुमचं गूगलला चालतं, ताईंचं एक्सेल आहे. तिथे दुसऱ्या स्वल्पविरामानंतरची जागा "काहीच नसेल तर काय दाखवू" यासाठी असते. तुमची दुसरी अट तिथे जाऊन बसली तर ती अट म्हणून धरलीच जाणार नाही.

निफाडची लेखनिक: केलं, आलं! पण खेडगाव निवडलं तर 14 नावं येतात. माझ्या वहीत बाकी फक्त 9 जणांची आहे. उरलेल्या पाच जणांपुढे बाकीचा रकाना रिकामाच दिसतोय. गंमत म्हणजे बेरीज बरोबर येते, 3,64,500.

जुना हिशेबनीस, पंचवटी: घ्या. पैसे घेऊन गेलेला माणूस पुन्हा यादीत.

सातपूर स्टोअर: बाकीच्या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय ते सांगा.

निफाडची लेखनिक:

```
=IF([@Rakkam]=[@Dile],"",[@Rakkam]-[@Dile])
```

हिशेब मिटला की शून्य दिसू नये म्हणून.

सातपूर स्टोअर: तिथेच पाणी मुरतंय. `""` दिसायला रिकामं असलं तरी एक्सेलच्या लेखी ते अक्षर आहे, आणि तुलना करताना अक्षर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरलं जातं. म्हणून `"">0` खरं ठरतं आणि मिटलेला माणूस बाकीदारांत येतो. SUM अक्षरं सोडून देतं, म्हणून बेरीज बरोबर राहते. नुसत्या बेरजेवर विसंबला असतात तर हे कळलंच नसतं, तुम्ही डोकी मोजलीत म्हणून सापडलं.

मूळ रकान्यात साधी वजाबाकी ठेवा आणि शून्य लपवायचं काम फॉरमॅटवर सोडा. रकाना बदलायचा नसेल तर अटींत आणखी एक गुणाकार वाढवा:

```
*ISNUMBER(Avak[Baki])
```

निफाडची लेखनिक: रकानाच बदलला. आता 9.

जुना हिशेबनीस, पंचवटी: आता माझं ऐका. गेल्या हंगामात आमच्याकडे एका हुशार मुलाने हीच यादी करून दिली होती. यादीच्या उजवीकडे मी शेरे लिहायचो, "चेक मंगळवारी", "मुलगा येऊन नेईल". मालकांनी गाव बदललं, नावं बदलली, माझे शेरे जागच्या जागी. चेक मंगळवारी मिळेल म्हणून फोन केला तो भलत्याच शेतकऱ्याला. तो येऊन बसला ऑफिसात. त्याला काय सांगायचं, सूत्र पसरतं म्हणून?

गंगापूर रोड: पण शेरा मूळ टेबलात लिहायचा ना काका.

जुना हिशेबनीस, पंचवटी: मूळ टेबलात अडीच हजार ओळींत तो माणूस शोधायला मला बाणच दाबावा लागणार. मग आधीच दाबला तर काय बिघडलं?

सातपूर स्टोअर: काकांचा मुद्दा मला मान्य आहे. FILTER ची यादी बघण्यापुरती असते, तिच्यात लिहिता येत नाही. पसरलेल्या जागेत कुठेही काही टाइप केलंत तर यादी आवळून `#SPILL!` देते, आणि शेजारी लिहिलंत तर काकांसारखं होतं. ज्याला बघता बघता शेरे मारायचेत त्याने मूळ टेबलावर फिल्टरच लावावा. फक्त लावलेल्या फिल्टरवर चार-पाच आकडे एकदम पेस्ट करू नका. ते मधल्या लपलेल्या ओळींतही जाऊन बसतात आणि फिल्टर काढेपर्यंत पत्ता लागत नाही. आमच्या स्टोअरमध्ये एकदा बेअरिंगचा अख्खा साठा असा बिघडला होता, दोन रात्री मोजत बसलो.

लासलगाव कांदा: मग दोन्ही वापरा. मालकांना एक, ताईंना एक.

जुना हिशेबनीस, पंचवटी: आणि दोघांचं जुळलं नाही तर बघायचं कोणी?

निफाडची लेखनिक: शेऱ्याचा रकाना टेबलातच वाढवलाय, तो मालकांच्या पानावर आपोआप येतो. पण एक राहिलं. मालकांच्या केबिनमधल्या संगणकावर एक्सेल 2019 आहे. तिथे फाइल उघडली तर यादी दिसते, पण गाव बदललं की `#NAME?` येतं, आणि सूत्राच्या जागी `_xlfn._xlws.FILTER` असलं काहीतरी दिसतं.

सातपूर स्टोअर: 2019 मध्ये FILTER नाहीच. 2021 किंवा 365 लागतं, नाहीतर ब्राउझरमधलं एक्सेल. तुम्हाला दिसते ती यादी तुमच्या संगणकाने शेवटची काढून ठेवलेली आहे. मालकांना सांगा, तिथे बघून कुणाला पैसे देऊ नका.

जुना हिशेबनीस, पंचवटी: बाण 2019 मध्ये पण आहे हो.

गंगापूर रोड: काका!

निफाडची लेखनिक: मालक म्हणाले ब्राउझरमध्ये बघू. केबिनमध्ये नेट येतं जातं, तेव्हा उद्या कळेल. तोवर खेडगावची यादी छापून टेबलावर ठेवलीये.